उताऱ्यावरचे पाच गुंठे : फोटो दिला, पण मॉडेलला मिळालं काय?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावचे आमच्या नात्यातले काका. जमीन थोडी, भावांची वाटणी अजून कागदावर पूर्ण व्हायची आहे. उतारा, म्हणजे इथं ज्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात तो, कानडीत छापलेला येतो. काकांना कानडी बोलायला येतं, पण वाचायला जड जातं. म्हणून त्यांनी उताऱ्याचा फोटो काढून पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पुतण्यानं तो फोटो वाचणाऱ्या एका एआय मॉडेलला देऊन "यातलं सगळं मराठीत सांग" म्हणून विचारलं.

उत्तर झकास आलं. गावाचं नाव बरोबर, सर्व्हे नंबर बरोबर, काकांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव बरोबर, पाटील हे आडनावही बरोबर. पुढं क्षेत्र: एकूण २ एकर २१ गुंठे, पोटखराब ८ गुंठे, उरलेलं लागवडीचं २ एकर १३ गुंठे. वजाबाकीही जुळते, २१ मधून ८ गेले की १३ राहतात.

काका म्हणाले, "तेरा नव्हे, अठरा. माझ्या बापापास्नं अठराच हाय ते." कागद समोर धरला तर खरंच पोटखराब ३ गुंठे आणि उरलेलं क्षेत्र २ एकर १८ गुंठे होतं. मॉडेलनं एका जागी तिनाचा आठ केला होता आणि दुसऱ्या जागी आठाचा तीन. दोन चुका एकमेकींना इतक्या नीट झाकत होत्या, की हिशेब तपासणाऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

काकांचा पुढचा प्रश्न अगदी सरळ होता. "फोटोत तर स्पष्ट दिसतंय की. मग ह्याला कसं दिसंना?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर फोटो निघाल्यापासून मॉडेलच्या हाती पडेपर्यंत त्याचं काय काय होतं ते पाहावं लागतं. ते मोजता यावं म्हणून मी तोच फोटो माझ्या संगणकावर चालणाऱ्या एका खुल्या मॉडेलला दिला. त्यानंही नेमकी तीच चूक केली. ते बरंच झालं, कारण त्याच्या आत जाणारं चित्र बाहेर काढून बघता येतं.

फोनमधला फोटो आणि पोहोचलेला फोटो

काकांच्या फोनचा कॅमेरा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो. पिक्सेल म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान ठिपका, आणि संगणकासाठी तो ठिपका म्हणजे फक्त तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. म्हणजे मूळ फोटोत ३ कोटी ६० लाख आकडे होते.

उतारा आडव्या ए-फोर कागदावर छापलेला होता. काकांनी तो ओट्यावर ठेवून उभ्यानंच फोटो काढला, त्यामुळं कागदानं फोटोच्या रुंदीचा पाऊण भागच व्यापला. बाकी ओटा. ए-फोर कागदाची लांब बाजू २९७ मिलिमीटर असते आणि इथं ती साधारण ३००० पिक्सेलांत बसली, म्हणजे कागदाच्या एका मिलिमीटरला १० पिक्सेल आले. क्षेत्राचे आकडे छापील दोन मिलिमीटर उंचीचे आहेत. म्हणजे फोनमधल्या मूळ फोटोत प्रत्येक आकडा २० पिक्सेल उंच होता. एवढ्यात आठ आणि तीन यांचा घोळ व्हायचं कारण नाही.

पण पुतण्याकडे जो फोटो पोहोचला, त्याची मापं मी उघडून पाहिली तर ती १६०० बाय १२०० होती. पाठवताना डेटा वाचावा म्हणून ॲपनं फोटो अडीचपट लहान केला होता. आकडा २० वरून ८ पिक्सेल उंचीवर आला. रुंदी जेमतेम ५ पिक्सेल, आणि आकड्याची रेघ एका पिक्सेलची. शिवाय जेपेग पद्धतीत फोटो ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकोनांनी दाबला जातो, त्यामुळं बारीक रेघेभोवती करडी घाण साचते. आकडाच ८ पिक्सेलांचा असेल तर ती घाण थेट त्याच्या अंगावर येते.

तरीही हा फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर माणसाला १८ वाचता येतो. काकांनी जे "स्पष्ट दिसतंय" म्हटलं ते हेच. मॉडेलला मात्र हाही फोटो जसाच्या तसा मिळत नाही.

आत जाण्याआधीची काटछाट

जवळपास प्रत्येक मॉडेल आत येणाऱ्या चित्राला काहीतरी मर्यादा घालतं. चित्र जितकं मोठं तितकं गणित जास्त आणि खर्चही जास्त, हे त्याचं साधं कारण. मी वापरलेल्या मॉडेलमध्ये ही मर्यादा मी सुमारे १० लाख पिक्सेलांवर ठेवली होती, आणि चित्राच्या दोन्ही बाजू २८ च्या पाढ्यात बसल्या पाहिजेत अशी त्याची अट आहे. १६०० बाय १२०० म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून ते पुन्हा आक्रसलं आणि ११४८ बाय ८४० झालं.

हे चित्र स्वतः बघायचं असेल तर पाच ओळी पुरतात:

```python
from PIL import Image
img = Image.open("utara.jpg").convert("RGB")
lahan = img.resize((1148, 840), Image.BICUBIC)
tukda = lahan.crop((700, 420, 784, 476))
tukda.resize((1008, 672), Image.NEAREST).save("tukda.png")
```

शेवटच्या ओळीतलं NEAREST महत्त्वाचं. एरवी चित्र मोठं करताना संगणक कडा गुळगुळीत करून देतो आणि आपली फसगत होते. NEAREST वापरलं की प्रत्येक पिक्सेल जसा आहे तसा ठसठशीत चौकोन होऊन समोर येतो.

त्या तुकड्यात जे दिसलं त्यानं प्रश्नाचा निम्मा निकाल लागला. आकडा साडेपाच पिक्सेल उंच आणि साडेतीन पिक्सेल रुंद उरला होता. आता इंग्रजी आठ आणि इंग्रजी तीन यांच्यात फरक कुठं असतो ते आठवा. उजवी बाजू दोघांचीही सारखीच फुगीर. आठाची डावी बाजू बंद असते, तिनाची उघडी, एवढाच फरक. आठाची ती डावी रेघ आता पाऊण पिक्सेलाचीही नव्हती. चित्र लहान करताना प्रत्येक नवा पिक्सेल हा जुन्या शेजारच्या पिक्सेलांची सरासरी असतो. पाऊण पिक्सेलाची काळी रेघ आणि शेजारचा पांढरा कागद यांची सरासरी म्हणजे करडा. तिनाच्या डावीकडे पांढरी फट असते, पण तीही तितकीच अरुंद आणि तिच्या वर-खाली शाई, म्हणून तिथंही करडाच. पोटखराबाचा ३ आणि क्षेत्रातला ८ मी शेजारी शेजारी लावून पाहिले. एक थोडा गडद करडा, दुसरा थोडा फिका. मलाही पैज लावता आली नसती.

मूळ ३ कोटी ६० लाख आकड्यांपैकी इथवर २८ लाख ९२ हजार ९६० पोहोचले, म्हणजे शंभरातले आठ. त्यातलेही बरेच ओट्याच्या फरशीवर खर्ची पडले.

चौकोन आणि टोकन

आता उरलेला निम्मा भाग. ११४८ बाय ८४० चं हे चित्रही मॉडेल पिक्सेल-पिक्सेल वाचत नाही. मोजणीदारानं शेताचे सारख्या मापाचे गुंठे पाडावेत तसे ते चित्राचे चौकोन पाडतं, पिकाची किंवा बांधाची पर्वा न करता. या चौकोनांना पॅच म्हणतात. २०२० साली गूगलच्या संशोधकांनी व्हिजन ट्रान्सफॉर्मर मांडला, तेव्हा २२४ बाय २२४ चं चित्र घेऊन त्याचे १६ बाय १६ चे १९६ पॅच केले होते. माझ्या मॉडेलमध्ये पॅच १४ बाय १४ चे आहेत. एका पॅचमध्ये १९६ पिक्सेल, प्रत्येकाचे तीन, असे ५८८ आकडे. त्यांना गुणाकार-बेरजेच्या एका पायरीतून नेऊन आकड्यांची एक लांब यादी बनवली जाते. तो चौकोन चित्रात कुठल्या ओळीत, कुठल्या स्तंभात होता हेही तिच्यात मिसळलं जातं. मग कितीतरी थरांतून पॅच एकमेकांशी माहितीची देवघेव करतात, आणि शेवटी शेजारचे चार पॅच मिळून एक यादी होते. ती यादी म्हणजे टोकन.

चार पॅचांचं एक टोकन, म्हणजे एक टोकन २८ बाय २८ पिक्सेलांच्या जागेचं. ११४८ ला २८ नं भागलं तर ४१, ८४० ला भागलं तर ३०. एकूण १२३० टोकन. अख्खा उतारा, ओट्यासकट, मॉडेलसाठी या १२३० याद्या एवढाच आहे. या याद्या मॉडेलच्या उत्तर लिहिणाऱ्या, म्हणजे भाषेच्या भागाकडे पुतण्याच्या प्रश्नाच्या टोकनांना जोडून जातात, आणि उत्तर तिथून तयार होतं. फोटो बाजूला कुठं ठेवलेला नसतो आणि उत्तर देताना कुणी त्याच्याकडे परत वळून बघत नाही. फाइलमध्ये लपलेली फोटोची तारीख आणि ठिकाणही या यादीत नसतं. काकांनी तेवढंच मध्येच विचारलं होतं, कारण गावात कुणीतरी त्यांना घाबरवून ठेवलं होतं. (ॲप किंवा कंपनी ती माहिती स्वतंत्रपणे वाचू शकते, ती गोष्ट वेगळी. पिक्सेलांतून ती जात नाही.)

मजकुराच्या टोकनाशी तुलना केली तर एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. मजकुराचं टोकन ठरलेल्या यादीतलं असतं, "गुंठे" हा शब्द दिला तर तो दर वेळी त्याच क्रमांकांनी आत जातो. चित्राच्या टोकनाला असा शब्दकोश नसतो. "इथं आठ आहे" असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. त्या २८ बाय २८ च्या जागेत जे काही होतं त्याचा एकत्रित ठसा असतो, आणि त्या ठशातून आठ काढायचा की तीन, हे पुढं ठरतं.

आमच्या आकड्याचं काय झालं तेही मोजता येतं. एकर, गुंठे आणि त्याखालचा भाग टिंबांनी तोडून लिहिलेला तो अख्खा आकडा ११४८ च्या चित्रात साधारण २६ पिक्सेल रुंद होता. म्हणजे पाच अंक आणि दोन टिंबं मिळून जेमतेम एका टोकनाची जागा. त्यातही चौकोनाची सीमा नेमकी गुंठ्यांच्या दोन अंकांच्या मध्ये आली. एक डावीकडच्या टोकनात गेला आणि आठ उजवीकडच्या, रकान्याची उभी रेघ आणि दोन शून्यांसकट. सीमेवर अंक तुटणं तितकं वाईट नसतं, कारण थरांमधून शेजारचे चौकोन एकमेकांशी बोलतात. पण बोलायला आधी काहीतरी हाती असावं लागतं, आणि इथं दोघांकडेही करडाच होता.

जुन्या मॉडेलांत परिस्थिती याहून बिकट होती. लाव्हा १.५ सारखं मॉडेल चित्र कितीही मोठं असलं तरी ३३६ बाय ३३६ करूनच घेतं आणि त्याचे ५७६ टोकन करतं. त्यात आमच्या आकड्याची उंची दोन पिक्सेलही भरली नसती.

मग नाव बरोबर कसं आलं?

पुतण्या इथंच फसला, आणि त्याला दोष देता येत नाही. ज्यानं कानडी जोडाक्षरं बरोबर वाचली त्याला इंग्रजी आठ दिसणार नाही, असं कुणाला वाटेल?

पण नावाची अक्षरंही तितकीच अंधुक होती. कानडीत दीर्घाची खूण आणि खाली लटकणारं जोडाक्षर आकड्यांपेक्षाही बारीक. तरी पाटील बरोबर आलं, कारण बेळगावच्या उताऱ्यावर, मालकाच्या रकान्यात, "पा" नं सुरू होणारं त्या लांबीचं आडनाव दुसरं काय असणार? भाषेच्या भागानं असं नाव शिकताना असंख्य वेळा पाहिलेलं असतं. अर्धवट ठसा मिळाला की उरलेलं तो सवयीनं भरतो. गावाचं नाव, तालुका, रकान्यांची शीर्षकं यांचंही तसंच. आकड्याला अशी मदत नाही. गुंठे १३ असणं आणि १८ असणं दोन्ही सारखंच शक्य. त्यामुळं नाव बरोबर आलं यावरून आकडा दिसला होता असं अनुमान काढणं चुकीचं आहे. मी तर म्हणेन, अशा कागदावर नावाचा अचूकपणा हा आकड्याबद्दल खोटा विश्वास देणारा साक्षीदार आहे.

आणि जुळलेली वजाबाकी? उत्तर डावीकडून उजवीकडे, एकेक टोकन करत लिहिलं जातं. आधी एकूण क्षेत्र २१ लिहिलं, मग पोटखराब. तिथला ठसा तीन आणि आठ यांच्या मधला होता, तो आठ असा उतरला. त्यानंतर उरलेल्या क्षेत्राची पाळी आली तेव्हा तिथलाही ठसा तसाच मधला, पण आता मागं "२१" आणि "८" लिहून झालेले होते. तेरा बसत होता. हे असंच झालं याचा पुरावा म्हणून मी पोटखराबाचा रकाना पांढऱ्या पट्टीनं झाकून तेच चित्र पुन्हा दिलं. उरलेलं क्षेत्र आता कधी १८ तर कधी १३ यायला लागलं. झाकण्याआधी ते दर वेळी १३ येत होतं. म्हणजे ठशातून निर्णय होत नव्हता, शेजारच्या आकड्यानं कौल दिला होता.

पुतण्यानं पहिल्या दिवशी "नीट बघून परत सांग" असंही विचारून पाहिलं होतं. मॉडेलनं दिलगिरी व्यक्त केली आणि पुन्हा १३ च सांगितलं. नीट बघायला नवे पिक्सेल कुठून येणार? तेच १२३० टोकन, फक्त प्रश्न वेगळा. काही साधनं चित्राचा एखादा भाग कापून, मोठा करून मॉडेलला पुन्हा देतात. तिथं अशा विनंतीला अर्थ असतो. तशी सोय नसेल तर नसतो.

काय केलं आणि काय फरक पडला

काकांच्या फोनमध्ये मूळ फोटो अजून होता. तो व्हॉट्सॲपवरून "डॉक्युमेंट" म्हणून मागवला, तसा पाठवला की फाइल दाबली जात नाही. त्यातून फक्त क्षेत्राचा रकाना आणि त्याची शेजारची जागा, १२०० बाय ६०० पिक्सेलांचा तुकडा कापला. हे साडेसात लाखांच्या आतलं चित्र मर्यादेत बसतं, म्हणून लहान झालंच नाही. बाजू २८ च्या पाढ्यात आणण्यापुरता फरक पडून ते १२०४ बाय ५८८ झालं, म्हणजे ४३ गुणिले २१, एकूण ९०३ टोकन.

आता आकडा पूर्ण २० पिक्सेल उंच होता आणि एका टोकनात दोनच अंक मावत होते. उत्तर आलं: एकूण २ एकर २१, पोटखराब ३, उरलेलं २ एकर १८. पोटखराब झाकून दिलं तरी १८ च. मला यातली ९०३ ही संख्या जास्त बोलकी वाटते. अख्ख्या पानाला १२३० टोकन देऊन जे वाचता आलं नाही, ते त्याहून कमी टोकनांत वाचता आलं. फरक टोकनांच्या संख्येत नव्हता, एका अंकाच्या वाट्याला किती जागा आली यात होता.

कुतूहल म्हणून व्हॉट्सॲपवाल्या लहान फोटोतूनही तोच रकाना कापून तिप्पट मोठा करून दिला. मोठा केल्यानं नवी माहिती येत नाही, हे खरं. तरी १८ आला. कारण ८ पिक्सेलांचा अंक निदान आणखी आक्रसला नाही, आणि होती ती माहिती दाटीवाटीनं एका टोकनात न कोंबता अनेक टोकनांत पसरली. पोटखराबाचा ३ मात्र या रूपात शेजारचे आकडे झाकले की डळमळायचा. तिथं जेपेगच्या करड्या डागानं तिनाची फट आधीच बुजवली होती, आणि बुजलेली फट कुठल्याही मापानं उघडत नाही.

अशा कागदांसाठी आता आम्ही घरात एक रीत ठेवली आहे. पूर्ण पानाचा फोटो फक्त "हे काय आहे, कुठला रकाना कुठं आहे" एवढ्यासाठी द्यायचा. ज्या आकड्यावर पैसा किंवा वाटणी अवलंबून आहे तो मूळ फोटोतून कापून, एकटा, शेजारचे आकडे दिसणार नाहीत असा द्यायचा. पूर्ण पानाचं आणि तुकड्याचं वाचन वेगळं आलं तर कागद हातात घ्यायचा. हिशेबाची पडताळणी करायची ती या एकट्या वाचनांची करायची, एकाच उत्तरातल्या आकड्यांची नव्हे, कारण ते आकडे एकमेकांकडे बघून लिहिलेले असतात.

उताऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक नोंद क्रमांक आहे, त्यावर नेमका निळा शिक्का उमटलाय. तो मूळ फोटोतही कुणाला वाचता आला नाही, ना मॉडेलला, ना मला, ना काकांना. त्यासाठी काका आता नाडकचेरीतून नवी प्रत काढणार आहेत.